प्रतिसाद: मोजणीतली तूट कुठे जाते?

«माल तोच, मग दोन्ही पद्धतींत विक्रीत मालाचा खर्च वेगळा का?»

प्रश्न मालसाठ्याचा हिशेब ठेवण्याच्या दोन पद्धतींचा आहे: नियतकालिक, जिच्यात विकलेल्या मालाचा खर्च वर्षअखेरच्या मोजणीवरून काढतात, आणि निरंतर, जिच्यात तो प्रत्येक विक्रीसोबत नोंदतात. समजा, आरंभीचा शिल्लक माल 40 नग, खरेदी 160 नग, प्रत्येकी खर्च 50, बिलांप्रमाणे विक्री 150 नग आणि वर्षअखेरच्या मोजणीत सापडले 45 नग. नियतकालिक पद्धतीत 200 मधून 45 वजा करून उरलेले 155 नग विकलेच गेले असे धरले जाते आणि खर्च 7,750 येतो. चोरी किंवा मोडतोड त्यात मुकाट्याने मिसळते. निरंतर पद्धतीत प्रत्येक बिलासोबत खर्चाची नोंद होत गेल्याने तो 7,500 राहतो, वहीत 50 नग दिसतात, आणि 5 नगांची, म्हणजे 250 ची तूट उघडी पडते. अर्थात मोजणी इथेही करावीच लागते. ती टाळली तर वहीतले 50 हेच खरे वाटत राहतात.