फ्लेक्समागचा वाडा: छायाचित्रात पुन्हा रचावा की झाकलेलाच ठेवावा?

धागाकर्ता: सोलापूरच्या साखर पेठेतील एका दुमजली वाड्याचे छायाचित्र मी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घेतले. वरच्या मजल्यावर पाच खिडक्या आहेत. तिसरी खिडकी रस्त्याकडेला बांबूंवर उभारलेल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सने झाकली आहे आणि पाचवीवर भिंतीलाच बांधलेला दुसरा फ्लेक्स आहे. हे दोन्ही पुसून मागचा दर्शनी भाग पुन्हा रचणे योग्य आहे का, आणि करायचे झाल्यास कसे करावे?

पेठेतला वाचक: नक्कीच करावे. वाडा दोन्ही अंगांनी सारखा असतो, त्यामुळे पहिली खिडकी उचलून आडवी उलटवावी आणि पाचवीच्या जागी बसवावी. तिसरीसाठी दुसरी वापरावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

जुना छायाचित्रकार: पाचवीसाठी हा मार्ग निम्मा बरोबर आहे, तिसरीसाठी मात्र त्याची गरजच नाही. बांबूवरचा फ्लेक्स भिंतीपासून दूर उभा असतो, म्हणून आपण बाजूला सरकलो की तोही भिंतीवरून सरकल्यासारखा दिसतो आणि मागची खरी खिडकी उघडी पडते. समजा तुम्ही भिंतीपासून 30 फुटांवर उभे आहात, फ्लेक्स भिंतीच्या 6 फूट पुढे आहे आणि त्याची रुंदी 6 फूट आहे. समोरून तो भिंतीचा साडेसात फूट भाग झाकतो. तुम्ही 4 फूट डावीकडे गेलात की हा झाकलेला पट्टा 1 फूट उजवीकडे जातो. म्हणजे दोन्ही बाजूंना 16-17 फूट सरकून एकेक छायाचित्र घेतले, तर एकात पट्ट्याचा डावा अर्धा भाग मिळतो आणि दुसऱ्यात उजवा. दोन्ही छायाचित्रे मूळ छायाचित्राच्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत घ्यावीत, नाहीतर सावल्या जुळत नाहीत.

जोडताना जिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील `Handle Transform` घेऊन भिंतीवरचे चार ठळक कोपरे मूळ चित्रातील त्याच कोपऱ्यांवर बसवावेत. सपाट गिलावा आणि दगडाचे थर लगेच जुळतात. जुळत नाही ते भिंतीच्या पुढे-मागे असलेले: सज्जाचे गज दुहेरी दिसतात आणि खोल चौकटीची एकच आतली बाजू दिसते. सज्जा वेगळा कापून, त्याचे स्वतःचे चार कोपरे धरून बसवावा लागतो. जोड फसला आहे का, हे छज्जाच्या आडव्या रेषेवर नजर फिरवली की कळते. सांध्यापाशी ती किंचितही मोडता कामा नये. फ्लेक्सची भिंतीवर पडलेली सावली आणि त्याच्या लाल रंगाची झाक पुसायला लोक विसरतात, आणि मग फलक नसलेल्या भिंतीवर फलकाची सावली उरते.

पाचवीचा फ्लेक्स भिंतीलाच चिकटलेला असल्याने कितीही सरकले तरी मागचे काही दिसणार नाही. तेथे पहिली खिडकी उलटवली, तर ऊन डावीकडून येत असताना चार खिडक्यांत सावली डाव्या कडेला आणि या एकीत उजव्या कडेला दिसेल. म्हणून आधी चित्र सरळ करून खिडकी न उलटवता बसवावी.

अभिलेखप्रेमी: तिसऱ्या खिडकीबद्दल माझी हरकत नाही, कारण ती खरोखर पाहिलेली आहे. पाचवीला मात्र माझा ठाम विरोध आहे. तिथे काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसताना खिडकी दाखवणे म्हणजे वाड्याबद्दल खोटी साक्ष देणे होय, आणि उद्या कोणी दुरुस्तीसाठी हेच चित्र समोर ठेवले तर?

दुकानदार: परवानगीशिवाय लावलेल्या फ्लेक्सची तक्रार महापालिकेकडे करावी, आपोआप मोकळे छायाचित्र मिळेल.

धागाकर्ता: तो उतरेल तेव्हा पुन्हा जाईनच; प्रश्न हाती असलेल्या छायाचित्राचा आहे.

माहेरवाशीण: आमच्या घराच्या चित्रात भावाने अशीच शेजारची खिडकी झाकलेल्या जागी बसवली होती. नंतर आईच्या अल्बममध्ये मुंजीचे एक जुने छायाचित्र सापडले, त्यात त्या जागी खिडकी नव्हती, धान्य वर ओढून घेण्याचे दार होते आणि त्यावर कप्पीची तुळई बाहेर आलेली होती. त्या दारात आजोबा उभे आहेत. भावाने बसवलेली खिडकी इतकी नीट होती की आम्हा कोणालाच शंका आली नव्हती, याचे मला अजून वाईट वाटते. वाड्याच्या मालकांकडे लग्नकार्याची छायाचित्रे आधी मागा.

जुना छायाचित्रकार: हा अनुभव मला मान्य आहे. तरीही घरात लावण्याच्या चित्रात पाचवी खिडकी रचावी असे माझे मत आहे. मात्र ती जिंपमध्ये वेगळ्या थरावर ठेवावी, मूळ फाइलला हात लावू नये आणि चित्राखाली कोणता भाग रचलेला आहे ते लिहावे.

अभिलेखप्रेमी: चित्र पुढे पाठवले जाते तेव्हा खालची ओळ सर्वांत आधी कापली जाते. मी तिथे रिकामा, फिकट गिलावाच ठेवीन.

धागाकर्ता: तिसरी खिडकी सांगितल्याप्रमाणे जोडतो आहे. पाचवीचा निर्णय मालकांचा अल्बम पाहीपर्यंत थांबवला आहे.