मदत हवी आहे: मध्यम लांबीच्या स्टीलच्या नळीची दाबक्षमता नेमकी कोणती धरावी?

धागाकर्ता: गोदामाच्या कैचीत एक दाबातला सदस्य आहे. नळीचा बाहेरचा व्यास 88.9 मिमी, भिंत 4 मिमी, लांबी 2.7 मीटर आणि दोन्ही टोके पिनची धरली आहेत. क्षेत्रफळ 1067 चौ. मिमी येते. उताराबिंदू 250 धरला, तर नळी चिरडायला 267 किलोन्यूटन लागतात आणि ऑयलरच्या सूत्राने ती 260 ला वाकते. रँकिनने मात्र, तोच 250 घेऊन, 132 च येतात. गुणक लावलेला भार 150 आहे. यांपैकी कोणत्या आकड्यावर विसंबावे?

कैचीवाला: चिरडण्याचा आणि ऑयलरचा यांपैकी लहान आकडा घ्यावा, म्हणजे 260. भार 150 असल्यामुळे काळजीचे कारण दिसत नाही.

जुना डिझायनर: लहान आकडा घ्यायचा हे तत्त्व अगदी आखूड किंवा अगदी सडपातळ सदस्याला चालते. आपली सडपातळता 90 आहे आणि नेमके तिथेच दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात, म्हणून धोकाही तिथेच सर्वाधिक असतो. खरी नळी थोडी वाकलेली असते, तिच्यात उत्पादनातले ताण अडकलेले असतात. भार वाढू लागला की तो बाक वाढतो, आतल्या बाजूचा धातू आधी उताराला येतो आणि उरलेला छेद पुढचे वाकणे रोखायला पुरा पडत नाही. रँकिन दोन्ही आकड्यांच्या व्यस्तांची बेरीज करतो, त्यामुळे ते सारखे असले की उत्तर ठरल्यासारखे निम्मे येते. आयएस 800:2007 मधला वक्र हा बाक धरून काढलेला आहे. थंड घडवलेल्या नळीला वक्र ‘बी’ लागतो. त्याने 134 न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे 143 किलोन्यूटन येतात. गरम घडवलेल्या नळीला ‘ए’ लागतो, त्याने 159. सुरक्षा गुणक या दोन्हींत आलेला आहे.

धागाकर्ता: म्हणजे एका वक्राने नळी टिकते आणि दुसऱ्याने 7 किलोन्यूटन कमी पडतात! नळीच्या आत लांबीभर जोडाची बारीक कड हाताला लागते, पण चाचणी प्रमाणपत्र हाती नाही.

जुना डिझायनर: तशी कड बहुधा थंड घडवलेल्या नळीत सापडते, परंतु तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. प्रमाणपत्र मिळेपर्यंत ‘बी’ धरा. शिवाय टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून मध्यावरचा बाक मोजा. 3 मिमीपर्यंत असेल तर हा हिशोब चालेल, 8-9 मिमी निघाला तर मात्र 143 चाही भरवसा धरू नका.

साइटवरून: आमच्याकडे एकेरी अँगल एका पायाने गसेट प्लेटला एकाच बोल्टने जोडला आहे. त्यालाही 143 धरता येईल का?

जुना डिझायनर: नाही. तिथे भार मध्यावरून जातच नाही आणि अँगल आपल्या सर्वांत कमजोर अक्षाभोवती वळतो. एका पायाने जोडलेल्या अँगलचे कलम वेगळे आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

धागाकर्ता: दोरा लावून पाहिला, बाक 4 मिमी आला. गसेट प्लेटने टोके थोडी घट्ट धरली आहेत, तेव्हा प्रभावी लांबी 0.9 पट घेतली तर नळी ‘बी’ वक्रानेही पास होईल. हे धरणे योग्य आहे का?

जुना डिझायनर: कैचीच्या प्रतलात कदाचित योग्य ठरेल. प्रतलाबाहेर ती प्लेट पातळ असते आणि सहज वाकते. नळीला मात्र दोन्ही दिशा सारख्याच. प्लेटची जाडी आणि नळीचे टोक ते वेल्ड यांतले अंतर कळल्याशिवाय मी होकार देणार नाही.