गायत्रीतलं एक अक्षर कमी का भरतं? पाठांतर विरुद्ध पोथी

नवी_पाटी: पहिल्या वर्षाला धर्मग्रंथांच्या जतनावर एक भाग आहे. वर्गात सांगितलं की ऋग्वेद शतकानुशतकं फक्त तोंडी होता, तरी बदलला नाही. मला पटत नाही. तोंडी गोष्ट चार माणसांत बदलते. लिहिलेलंच जास्त भरवशाचं नाही का? निबंधात एक बाजू घ्यायची आहे.

घनघोष: साफ चुकीची समजूत. वेदात काना-मात्रेचाही बदल झालेला नाही. ऋषींच्या तोंडून जे निघालं तेच आजचा घनपाठी म्हणतो, म्हणजे पदं उलटसुलट फिरवून वेद पाठ केलेला माणूस. पोथ्या लिहिणारे लेखनिक दमतात, ओळ गाळतात, अक्षर चुकीचं वाचतात. गुरूसमोर बसून संथा घेणाऱ्याला ती सवलत नसते. चुकला की तिथल्या तिथे थांबवतात. तुमच्या चार माणसांच्या गोष्टीशी याची तुलनाच होत नाही.

जुईचा_मांडव: मला नवी_पाटीचं म्हणणं बरोबर वाटतं, कारण आमच्या घरात हेच घडलंय. गणपतीच्या आरतीत मी लहानपणापासून 'फळीवर वंदना' म्हणत आले. आईही तसंच म्हणायची, आजीही. पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं की ते 'फणिवरबंधना' आहे. तीन पिढ्या रोज म्हटलं, पण कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही. मग दोन-तीन हजार वर्षांत काय होईल?

अवग्रह: जुईताई, तुमचं उदाहरण फार उपयोगी आहे. ती चूक नेमकी कशी शिरली ते बघा. 'फणिवर' कानाला अनोळखी, 'फळीवर' ओळखीचं. मनाने अर्थ लावला आणि शब्द बदलला. बाकी ओळ तशीच राहिली, त्यामुळे चूक कुठे अडली नाही.

वेदपाठात हीच वाट बंद केलेली आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ओळीतली तीन पदं घ्या: अग्निम्, ईळे, पुरोहितम्. घन नावाच्या पाठप्रकारात त्यांचा क्रम 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 असा फिरतो आणि कानाला असं ऐकू येतं:

अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे पुरोहितं पुरोहितमीळेऽग्निमग्निमीळे पुरोहितम्।

मग एक पद पुढे सरकून पुन्हा तेच. अशा रीतीने मधलं प्रत्येक पद 13 वेळा येतं, कधी पुढच्या पदाला जोडून तर कधी मागच्या. उलट्या क्रमाला अर्थ नसतो, म्हणून अर्थाच्या ओढीने घसरायला जागा उरत नाही. शिवाय जोड बदलली की संधी बदलतो, स्वरही बदलू शकतो. एखादं पद चुकीचं शिरलं तर तेराही ठिकाणी संधी आणि स्वर सांभाळून शिरावं लागेल. नाहीतर शेजारी बसलेल्याला ते लगेच खटकतं.

मात्र घनघोष, 'ऋषींच्या तोंडून निघालं तेच' हे मला मान्य नाही. गायत्री छंदात आठ-आठ अक्षरांचे तीन चरण असतात. आता बोटांवर मोजा: तत्-स-वि-तुर्-व-रे-ण्यं. सातच! पुढचे दोन चरण आठ-आठ भरतात. 'वरेण्यं' ऐवजी 'वरेणियं' म्हणा, लगेच आठ होतात.

घनघोष: हे परंपरेला माहीत नाही असं समजू नका. एक अक्षर कमी असलेल्या गायत्रीला निचृद् गायत्री म्हणतात. छंदाचा तो मान्य प्रकार आहे. त्यात हरवलं काहीच नाही.

अवग्रह: नाव आहे, हे खरं. पण ही तूट कुठे पडते ते पाहू. 'त्र्यम्बकं यजामहे' मोजा, सात. 'त्रियम्बकं' म्हणा, आठ. अशी कितीतरी ठिकाणं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जागी 'य' किंवा 'व' आधीच्या व्यंजनाला चिकटलेला असतो. तो सोडवला की चरण पुरा होतो. योगायोग इतका शिस्तीत वागत नाही. ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणारं ऋक्प्रातिशाख्यही चरण भरण्यासाठी असे जोड सोडवून मोजायला सांगतं.

म्हणून मला वाटतं की रचना झाली तेव्हा उच्चार मोकळा होता, पुढच्या पिढ्यांच्या बोलण्यात तो आवळला आणि मग पाठ गोठला. शाकल्य या जुन्या पंडिताच्या पदपाठातही, म्हणजे संधी सोडवून एकेक पद सुटं केलेल्या पाठातही, 'वरेण्यम्' असंच आहे. क्रम, जटा, घन हे पदं फिरवून म्हणण्याचे सगळे प्रकार पदपाठावर उभे आहेत, त्यामुळे त्याच्या नंतरची चूक ते पकडतात. आधी झालेला बदल मात्र ते तितक्याच निष्ठेने जपतात. शाकल्याचं नाव पाणिनी घेतो, म्हणजे पाठ गोठला तो पाणिनीच्याही आधी. तिथून पुढे बदल झाला नाही, हे तुमचं म्हणणं मी जवळपास पूर्ण मान्य करतो.

पोथीवेडा: तुम्ही दोघं फक्त जे टिकलं त्याबद्दल बोलताय. पतंजली महाभाष्यात ऋग्वेदाच्या 21 शाखा, म्हणजे पाठाच्या वेगवेगळ्या परंपरा, सांगतो. आज सलग पाठपरंपरा मुख्यतः एका शाकल शाखेची आहे. बाकीच्या बिघडल्या नाहीत, नाहीशा झाल्या. शेवटचा पाठक गेला की सगळं संपतं, अर्धवटसुद्धा मागे राहत नाही.

अथर्ववेदाची पैप्पलाद शाखा बघा. काश्मीरमध्ये तिची भूर्जपत्रावरची एकच पोथी मिळाली, ती आज जर्मनीत ट्यूबिंगनला आहे. पाठ इतका भ्रष्ट की पानोपानी अडायला होतं. मग 1950 च्या दशकाच्या अखेरीस दुर्गामोहन भट्टाचार्य यांना ओडिशात ताडपत्रांवरच्या पोथ्या सापडल्या आणि दोन्ही ताडून बराच पाठ उभा राहिला. चुकांनी भरलेली का होईना, पोथी कुणी न वाचताही पेटीत पडून राहू शकते. पाठकाला ते शक्य नाही. श्रीलंकेत इसवी सनपूर्व पहिल्या शतकात त्रिपिटक लिहून काढलं, तेव्हाही दुष्काळ आणि लढाया होत्या. पाठ करणारे भिक्षूच मरत होते.

घनघोष: शाखा गेल्या त्या राजाश्रय तुटल्यामुळे, पाठांतराच्या दोषामुळे नव्हे.

पोथीवेडा: ज्या पद्धतीला सतत आश्रय लागतो, तिचा तोच दोष.

अवग्रह: पोथीवेडा, हे मान्य. पण उलट बाजूचंही एक प्रकरण आहे. ऋग्वेद 10.18.7 मध्ये 'आ रोहन्तु जनयो योनिमग्रे' असा चरण आहे. बंगालमधल्या धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथात तो 'योनिमग्नेः' असा उतरला आणि सहगमनाला, म्हणजे सती जाण्याला, वेदाचा आधार म्हणून दाखवला गेला. 'अग्रे' म्हणजे पुढे. 'अग्नेः' केलं की बायकांना अग्नीत पाठवता येतं. 1850 च्या दशकात संस्कृतचे अभ्यासक एच. एच. विल्सन यांनी हा फरक दाखवला. आणि दाखवता आला कशामुळे? पदपाठात आणि पाठकांच्या तोंडी 'अग्रे' शाबूत होतं म्हणून. त्याच ऋचेची सुरुवात 'इमा नारीरविधवाः' अशी आहे. म्हणजे तिथल्या स्त्रिया विधवाच नाहीत. कागदावर सुटं पडलेलं अवतरण बिघडलं, सलग म्हटला जाणारा पाठ बिघडला नाही.

पोथीवेडा: ते मुद्दाम केलं की 'ग्रे' आणि 'ग्ने' यांत लेखनिकाची नजर चुकली, यावर एकमत नाही. मला नजरचूक जास्त शक्य वाटते.

अवग्रह: मला तसं वाटत नाही. चूक ज्या बाजूला झुकली ती कुणाच्या तरी सोयीची होती.

जुईचा_मांडव: म्हणजे माझ्या आजीला कुणीतरी उलटा पाठ करायला लावला असता, तर 'फणिवर' टिकलं असतं?

अवग्रह: उलटा पाठ आणि शेजारी बसून ऐकणारा एक कडक माणूस. दोन्ही लागतात.

नवी_पाटी: आत्ता वहीत मोजलं, खरंच सात भरतात. मग मी 'कोण जास्त भरवशाचं' हा प्रश्नच बदलते. प्रत्येक पद्धत कशी मोडते, त्यावर लिहिते. पण अवग्रह, एक अडलंय. पदपाठाच्या आधी आणखी काय बदललं असेल, ते छंदाशिवाय दुसऱ्या कशावरून कळतं का?

अवग्रह: थोडंफार कळतं. 'पावक' शब्द घ्या. तो जिथे येतो तिथे अक्षरं पुरी भरतात, पण लघु-गुरूची चाल बसत नाही. 'पवाक' म्हटलं की बसते. अर्थात हाही छंदाचाच पुरावा झाला. गद्यात असं काही बदललं असेल तर ते ओळखायला आपल्याकडे फार कमी साधनं आहेत.