लहान ब्रँड आणि छोटे इन्फ्लुएन्सर: निवड, बोलणी, हिशेब. तुमचे अनुभव लिहा

रानमेवा
आज माळा आवरताना मसाल्याच्या हिशेबाची जुनी वही हाती लागली. एका पानावर वर RASSA10 हा सवलतीचा कोड लिहिलाय आणि खाली त्यावर आलेल्या ऑर्डरींच्या पाच-पाचच्या उभ्या रेघा. ते पान इथे मांडते, म्हणजे बोलायला काहीतरी हाताशी राहील.

कांदा-लसूण मसाला, अर्धा किलोचा डबा ४०० रुपये. माल, डबा आणि लेबल मिळून १९०, कुरिअर ६०, पेमेंटचं शुल्क सरासरी १०. म्हणजे डब्यामागे १४० सुटतात. कोड वापरला की ४० रुपये सूट, मग उरले १००. हा कोड ज्यांना दिला त्या रील करणाऱ्या ताईंचे ९ हजार फॉलोअर्स. त्यांना ३००० रुपये आणि दोन डबे, कुरिअरसकट ४४०. एकूण खर्च ३४४०, म्हणजे कोडवर ३५ डबे गेले तरच खर्च निघणार.

तीस दिवसांत कोडवर २२ ऑर्डरी आल्या. त्यातल्या ३ कॅश ऑन डिलिव्हरीच्या, घेतल्याच नाहीत, परत आल्या. जाण्यायेण्याचे १२० प्रत्येकी अंगावर. उरलेल्या १९ चे १९००. शिवाय ९ जणांनी कोड टाकला नव्हता, पण ऑर्डर फॉर्मवर 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' याच्या उत्तरात ताईंचं नाव लिहिलं होतं. त्यांचे १२६०. परतीचे ३६० वजा केले की २८००, म्हणजे महिनाअखेर ६४० रुपये तोटा. पण अर्धा किलो मसाला घरात साधारण दोन महिने पुरतो, म्हणून वही तीन महिने उघडी ठेवली. त्यात ७ जणांनी पुन्हा पूर्ण किमतीत मागवला, ९८० आले आणि ३४० फायदा दिसला.

'कुठे कळलं' हा प्रश्न फॉर्मवर नसता तर ते नऊ जण दिसलेच नसते. लोक रील बघतात, चार दिवसांनी नाव शोधून येतात आणि कोड विसरतात.

सातारी_आजी
परत आलेले डबे पुन्हा विकता येतात का गं? झाकण ढिलं होऊन ओल लागली की मसाल्याच्या गुठळ्या होतात.

रानमेवा
आजी, आतलं सील शाबूत असेल तरच. नाहीतर घरच्या रश्श्याला.

गणिताचा_पेपर
हिशेब नीट मांडलाय, पण एक चाळणी राहिली. कोडवरच्या १९ जणांचे फोन नंबर जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीशी ताडून पाहिले का? नियमित घेणारे लोकही कोड दिसला की टाकतात.

रानमेवा
पाहिले. ५ जुने निघाले.

गणिताचा_पेपर
मग ते पाच ताईंमुळे आले असं धरता येणार नाही. त्यांचे ५०० वजा. वर ते ४०० देऊन घेणार होते, तिथे ३६० दिले, म्हणून आणखी २०० वजा. ३४० फायद्याचा ३६० तोटा झाला. पुन्हा मागवणाऱ्या सातांत यांच्यातले कोणी असतील तर आकडा अजून खाली जाईल. यावर सोपा उपाय म्हणजे कोड 'फक्त पहिल्या ऑर्डरला' असा लावायचा. आणि दर ताईंना वेगळा कोड. एकच कोड चौघींना दिला तर कोणाचं काम चाललं ते कधीच कळत नाही.

केळीचं_पान
पाचही जण वजा करणं मला पटत नाही. जुनं गिऱ्हाईक सहा महिने गप्प असतं, रील बघून त्याला आठवण होते. त्याची शेवटची ऑर्डर कधीची होती ते बघा. गेल्या दोन महिन्यांतली असेल तर वजा करा, त्याहून जुनी असेल तर ताईंच्या खात्यात धरा.

गणिताचा_पेपर
दोन महिनेच का? दिवाळीआधी तर सगळेच जागे होतात.

पुणेरी_पाटी
निवडताना एंगेजमेंट, म्हणजे फॉलोअर्सच्या मानाने लाइक-कमेंट किती, ती पाच टक्क्यांच्या वर बघायची, बाकी काही बघायचं कारण नाही. आणि पैसे न देता नुसता माल भेट पाठवला तर 'जाहिरात' लिहावं लागत नाही, ते सोयीचं पडतं.

वकीलीण
दुसरं चूक आहे. फुकट मिळालेली वस्तू हाही मोबदलाच. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेच्या २०२१ च्या नियमांत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांत तसं स्पष्ट आहे. व्हिडिओ मराठीत असेल तर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' मराठीतच, ठळक दिसेल असं हवं. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी टाकलेलं चालत नाही. आणि 'पित्तावर उत्तम' वगैरे औषधी दावे ताईंना उत्साहाच्या भरात करू देऊ नका, त्याची जबाबदारी ब्रँडवरही येते.

केळीचं_पान
टक्केवारीचंही अर्धंच खरं. लाइक कोण करतंय ते बघावं. शेवटच्या बारा रील उघडा. व्ह्यूज चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा धरा. एखादी रील दोन लाखांवर गेलेली असते आणि बाकीच्या अकराशे-बाराशेवर. पैसे त्या बाराशेचे द्यायचे.

मग कमेंट वाचा. दहा-बारा तीच तीच नावं, पोस्ट पडल्यावर पाच मिनिटांत 'सुंदर', 'मस्त' लिहून जातात. ती एकमेकींना कमेंट देणारी मंडळी असतात. त्याउलट 'सुकं खोबरं किती घेतलं?', 'कढई कुठली?' असे प्रश्न असतील आणि ताई उत्तरं देत असतील, तर ते खातं छोटं असलं तरी माल खपवतं.

मोगरा७८
प्रेक्षक कुठल्या गावचे, तेही मागा. स्क्रीनशॉट नको, इनसाइट्स म्हणजे खात्याची आकडेवारी उघडतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. स्क्रीनशॉट जुना किंवा बदललेलाही येऊ शकतो. मराठी रेसिपीचं खातं आणि पहिली तीन शहरं परराज्यातली असतील तर थांबा.

रील_वाली_सुनबाई
माझे ४२०० फॉलोअर्स आहेत, लाडू आणि वड्या करते. ब्रँड कुठे मिळतील?

मोगरा७८
सुनबाई, धागा उलट्या बाजूचा आहे, पण आलात ते बरंच झालं. कसा मेसेज आला की तुम्ही उत्तर देता?

रील_वाली_सुनबाई
'हाय डिअर, कोलॅब?' याला नाही देत. माझ्या एखाद्या व्हिडिओचं नाव घेतलं, काय पाठवणार, किती रील, किती पैसे आणि कधीपर्यंत हे पहिल्याच मेसेजमध्ये असलं तर लगेच देते. पैशाचं 'नंतर बोलू' म्हणणारे नंतर फुकटातच मागतात. आणि वाक्यं पाठ करायला दिली की व्हिडिओ पडतो. माझे लोक लगेच ओळखतात.

केळीचं_पान
म्हणून माल तीन आठवडे आधी पाठवायचा. ताईंनी दोनदा तरी त्यात भाजी केलेली असली की त्या आपणच बोलतात, 'पाण्यात नको, तेलात परता, तवंग येतो'. आपण लिहून दिलेल्या दहा ओळींपेक्षा ते वाक्य जास्त डबे विकतं. आपण फक्त काय बोलू नये ते लिहून द्यायचं.

रानमेवा
बोलणं झालं की व्हॉट्सॅपवर तरी सगळं लिहून घ्या. एक रील, दोन स्टोऱ्या, तारीख, निम्मे पैसे आधी, रील किती महिने काढायची नाही, आणि तो व्हिडिओ आपण पैसे लावून जाहिरात म्हणून चालवू शकतो का. हे शेवटचं नंतर विचारलं की वेगळे पैसे पडतात, आणि ते बरोबरच आहे. स्टोरी २४ तासांत जाते, तिच्या लिंकवर किती टॅप झाले याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी मागून घ्यायचा.

पुणेरी_पाटी
भेटीचं नियमात बसत नाही हे माहीत नव्हतं. जुन्या पोस्टवर आता 'जाहिरात' टाकून घेता येईल ना?

वकीलीण
कॅप्शन बदलता येतं, ते आजच करून घ्या. सुरुवातीलाच टाका, 'आणखी' दाबल्यावर दिसेल असं नको.

सातारी_आजी
रानमेवा, एवढा हिशेब झाला, पण त्या ताईंना पुन्हा काम दिलंस का?

रानमेवा
दिलं, आजी. फक्त पहिल्या ऑर्डरचा कोड, १५०० रुपये आणि नव्या गिऱ्हाइकाच्या डब्यामागे ४०. वही अजून चालू आहे, दोनच आठवडे झालेत.

सातारी_आजी
बरं. मला पाव किलोचा डबा असतो का?