शब्दचर्चा : ‘जे फायी राते’ म्हणजे गाडी चुकली की मिळाली?

चैत्राली : फ्रेंचच्या बी१ पातळीच्या वर्गासाठी छोटा उतारा निवडलाय. एक बाई शनिवारी सकाळी पॅरिसच्या गार द लेस्तहून निघते, स्ट्रासबुर्गला गाडी बदलून कोलमारला जाते. त्यात ‘जे फायी राते मा कॉरेस्पोंदाँस’ आहे. म्हणजे तिची पुढची गाडी चुकली ना?

अनंत : नाही. राते म्हणजे चुकवणे, फायी म्हणजे अपयश. गाडी चुकवण्यात ती अपयशी ठरली, म्हणजे मिळाली.

वसुधा : उत्तर बरोबर, वाट चुकीची. ‘जे फायी तोंबे’ला तुमचा नियम लावून बघा : पडण्यात अपयशी ठरले! फायीनंतर थेट क्रियापद आलं की आपलं ‘पडता पडता वाचले’, ‘चुकता चुकता राहिली’. मध्ये ‘द’ घालायचा नाही, मुलं हमखास घालतात. अपयशाची छटा आहे, पण ती ‘आ’ आणि नाम आलं की : कर्तव्याला चुकणे वगैरे. वर्गात अर्थ आधी सांगू नका. पुढच्याच वाक्यात ती कोलमारच्या गाडीत खिडकीशी बसलीय, तिथे मुलं आपोआप अडखळतील.

मिलिंद : भाचीला लियाँला बारा मिनिटांत गाडी बदलायचीय. पुरतील का?

वसुधा : इथे उताऱ्याचं चाललंय हो. पण तिला सांगा, उतरल्यावर बोर्डावर ‘व्वा’चा आकडा शोधायचा.

चैत्राली : तोच पुढचा प्रश्न. उताऱ्यात ‘व्वा’ही आहे आणि ‘के’ही. दोन्ही फलाटच?

वसुधा : व्वा म्हणजे रूळ, के म्हणजे आपण उभे राहतो तो कट्टा. एका केच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, म्हणून आकडा व्वाचा पाहायचा. आपल्याकडेही एकाच कट्ट्याच्या दोन कडा तीन आणि चार नंबर असतात. तेव्हा ‘फलाट क्रमांक ३’ हेच व्वाचं मराठी.

अनंत : मग ‘के’ला काय म्हणायचं? एका उताऱ्यात दोन्हीला फलाट म्हटलं तर फरक बुडाला.

वसुधा : खरंय. मला नुसतं ‘फलाट’ आणि ‘फलाट क्रमांक’ चालतं, सगळ्यांना पटेलच असं नाही.

चैत्राली : आणि ‘जे देसाँद्यू मा वालीज’, लगेच पुढे ‘ज स्वी देसाँद्यू’. साहाय्यक क्रियापद एकदा आव्वार, एकदा एत्र?

वसुधा : मराठीत ‘बॅग उतरवली’ आणि ‘मी उतरले’. उतरवायला काही असेल तर आव्वार, स्वतः उतरली तर एत्र. बाई लिहितेय म्हणून दुसऱ्याला शेवटी एक ई जास्त, जो ऐकू येत नाही. श्रुतलेखनात तिथेच गुण जातात. पहिल्याला मात्र नाही. वालीज स्त्रीलिंगी असली तरी ती क्रियापदानंतर आलीय.

अनंत : म्हणजे मराठीवरून ठरवलं की झालं.

वसुधा : जिन्यापाशी फसाल. आपण ‘मी जिना चढले’ म्हणतो, फ्रेंचमध्ये ‘जे मोंते लेस्कालिये’. तिथे जिना कर्म धरतात.