मदत हवी आहे: घरातलं जुनं चित्र शब्दांत उतरवून घ्यायचंय

शिरोड्याची_रमा

नमस्कार मंडळी. आमच्या शिरोड्याच्या घरात वसरीवर एक तैलचित्र आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. सही नाही, कुणी काढलं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. पाण्याने भरलेलं खाजन शेत, मधून गेलेला बांध, लांबवर पाणी अडवायचं मानस आणि वर पावसाळी आभाळ, एवढंच. वाटणीत ते मुंबईच्या काकांकडे गेलंय, चवथीला आले की घेऊन जाणार.

मी हौशी चित्रकार, अॅक्रिलिकमध्ये काम करते. मला याची नक्कल करायची नाही. चोडणच्या फेरीची वाट बघताना रायबंदरच्या धक्क्यावरून संध्याकाळी नदी जशी दिसते, ते चित्र काढायचंय, पण 'भाव' या जुन्या चित्राचा हवा. फोटो वीसेक काढले. काचेवर खिडकी चमकते, चमक येत नाही अशा कोपऱ्यातून काढला तर सगळं निळसर येतं, आणि फोटो समोर असला की माझा हात नक्कल करायलाच लागतो. म्हणून समोर बसून वहीत लिहून घ्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी लिहिलं ते असं:

'उदास, शांत पावसाळी संध्याकाळ. राखाडी आभाळ. हिरवं-करडं शेत. एक लाल भिंत. खूप मोकळी जागा.'

चार दिवसांनी हे वाचून एक छोटं चित्र केलं. ते बँकेच्या कॅलेंडरवर शोभेल असं झालं. काय लिहायला हवं होतं?

आगाऊ_म्हापसेकर

सोपं आहे. फोटोतून कलर पिकरने कोड काढून घ्या. आभाळ अमुक, पाणी तमुक, अशी दहाएक कोडची यादी केली की रंग कायमचे हातात. शब्दांत रंग पकडता येत नाही, ही जुन्या लोकांची हौस आहे. शिवाय फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा म्हणजे गडद-फिकटही कळेल.

दामू_वेरेकर

आमच्याकडे पण आजोबांचं एक चित्र आहे, फ्रेमच्या आत पांढरी बुरशी धरलीय. पावसाळ्यात दरवर्षी वाढते. ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल का? आणि अशा जुन्या चित्रांना किंमत किती येते?

खडूफळा_माशेल

दामू, ओलं फडकं लावू नकोस, रंगच सुटून यायचा. भिंतीला टेकून असेल तर तिथून काढ, हवा लागू दे, आणि जाणत्याला दाखव. किमतीचं इथं कुणी सांगू शकणार नाही.

रमा, मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून थोडं मास्तरकीचं बोलतो. तुझ्या वहीत 'उदास' आणि 'शांत' हे तुझ्याबद्दल आहे, चित्राबद्दल नाही. 'राखाडी आभाळ' चित्राबद्दल आहे, पण त्यातून कुणीही काहीही रंगवील. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठव, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. अजून कितीजण ते रविवर्म्याचं समजतात, आणि ते जलरंगात आहे हे सांगितलं तर पटत नाही. त्याचं वर्णन 'बाई, साडी, दिवा' असं केलंस तर कॅलेंडरच निघणार. पण 'उजेड जिथून येतो ती जागाच हाताने झाकलीय, बोटांच्या कडा पेटल्यात, चेहरा त्याच उजेडात उजळलाय आणि बाकीचं सगळं मागे सरलंय' असं लिहिलंस, तर त्यातून कंदील घेतलेला रापणकारही काढता येईल.

म्हणून आधी दोनच कामं कर. सकाळी दहाच्या सुमारास, बल्ब बंद करून, चित्रापासून सहा-सात फूट मागे बस. डोळे इतके बारीक कर की बांध, मानस वगैरे ओळखू येणार नाही, फक्त चार-पाच ठोकळे उरतील. प्रत्येक ठोकळा किती जागा व्यापतो आणि गडदपणात त्याचा नंबर कितवा, एवढं लिही. मग सांग, सगळ्यात उजळ ठोकळा कुठला? अंदाजाने नको, बघून.

शिरोड्याची_रमा

सर, आज बसले. टेपने मोजलं तर चित्र ६२ बाय ४१ सेंमी. क्षितिज वरून १२ सेंमीवर, म्हणजे आभाळ तिसऱ्या भागापेक्षाही कमी. मला इतकी वर्षं वाटायचं आभाळ अर्ध्यावर आहे.

आणि सगळ्यात उजळ आभाळ नाहीच! क्षितिजाला लागून दोन बोटांची एक पिवळट पट्टी आहे, ती आणि तिच्या खालचं लांबचं पाणी, हे सगळ्यात उजळ. वरचे ढग त्याहून बरेच गडद. पायाजवळचं पाणी पुन्हा गडद, जवळपास ढगांइतकंच. मी माझ्या कॅलेंडरात आभाळ उजळ आणि पाणी काळपट केलं होतं.

खडूफळा_माशेल

सापडलं ना. यात चित्रकाराने काही जादू केलेली नाही, पाणी असंच वागतं. लांबच्या पाण्यावर आपली नजर अगदी आडवी पडते, म्हणून त्यात क्षितिजाजवळचं आभाळ दिसतं, आणि पावसाळी संध्याकाळी नेमका तोच पट्टा उघडा असतो. पायाजवळच्या पाण्यात आपण वरून बघतो, तिथं डोक्यावरचे ढग दिसतात. म्हणून उजेड वरून पडण्याऐवजी मधून, जमिनीच्या अंगाने आल्यासारखा वाटतो. तू ज्याला उदास म्हणतेस ते बहुतेक हेच. वहीत मात्र तेवढंच लिही: वर गडद, मधे उजळ अरुंद, खाली हळूहळू गडद.

आता लाल भिंत. पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाड. पुठ्ठा पांढरा नको, करडा घे. त्या भोकातून फक्त भिंतीचा रंग बघ, मग पुठ्ठा बाजूला करून बघ. दोन्ही वेळी काय दिसतं ते लिही.

शिरोड्याची_रमा

सर, मला वाटलं मी चुकीच्या जागी भोक धरलंय. भोकातून भिंत लाल नाहीच. ओल्या चिऱ्यावर शेवाळ चढायच्या आधी असतो तसा मळकट तपकिरी रंग. पुठ्ठा काढला की पुन्हा लाल! आकार माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, डावीकडून ४१ सेंमीवर, म्हणजे दोन-तृतीयांशावर, बांधाच्या टोकाला.

खडूफळा_माशेल

बरोबर जागी धरलंयस. भोवती सगळं हिरवट करडं आहे, त्याच्या शेजारी तो तपकिरी लाल भासतो. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, गालिच्यांच्या कारखान्यात रंगाचं काम बघायचा. तिथं धाग्यांच्या रंगाच्या तक्रारी येत, आणि दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात निघे. १८३९ मध्ये त्याने त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तेव्हा तू 'लाल' लिहून ट्यूबमधला लाल लावलास तर भिंत ओरडणार. असं लिही: 'मळकट तपकिरी, आजूबाजूच्या करड्यापेक्षा थोडाच गडद, बऱ्यापैकी उबदार, चित्रातला एकमेव उबदार ठिपका.' रंग कधी एकटा लिहू नये, शेजाऱ्यासकट लिहावा. मग नव्या चित्रात भिंतीऐवजी फेरीवरचं गंजलेलं पत्र्याचं टोक असलं तरी चालेल, नातं तेच राहील.

आगाऊ_म्हापसेकर

म्हणजे शेवटी माझंच. कोड घेतला असता तर तपकिरीच आला असता, लाल नाही.

शिरोड्याची_रमा

करून बघितलं हो. त्याच भिंतीचा एका फोटोत #8A5A44 आला आणि खिडकी लावून काढलेल्या फोटोत #7B5C50. तपकिरी दोन्हीत आहे हे मान्य. पण यातला कुठला खरा?

खडूफळा_माशेल

एकही नाही. फोन आपल्या परीने उजेडाचा रंग सुधारतो, आणि इथं पिवळेपणाच तर मोलाचा आहे. पण ब्लॅक अँड व्हाइटचं म्हापसेकरांचं बरोबर आहे, ठोकळ्यांचे नंबर ताडून बघायला तो फोटो चांगला. फक्त चमक आलेली जागा त्यात खोटी उजळ दिसेल.

मडगावची_सुलू

एक शंका. जुन्या तैलचित्रावरचं वॉर्निश वर्षानुवर्षं पिवळं पडतं ना? मग ती पिवळट पट्टी मुळात पांढरी असेल, आणि हिरवट करडं म्हणताय ते निळसर करडं असेल. रमा चित्रकाराचा भाव घेतेय की वॉर्निशचा?

खडूफळा_माशेल

सुलूबाय, रास्त शंका. चौकटीच्या खाचेत झाकलेली कड बघता आली आणि तिथला रंग वेगळा निघाला, तर निदान बदल झालाय एवढं कळेल. नेमका किती, ते नाही. माझं मत विचाराल तर रमा लहानपणापासून जे बघत आली तो हाच पिवळा आहे, तिने तोच घ्यावा.

मडगावची_सुलू

मला नाही पटत. मग उद्या कुणी साफ करून घेतलं की भाव गेला म्हणायचं?

शिरोड्याची_रमा

चौकट उघडायला काकांची परवानगी नाही, फोनवरच रागावले. तो प्रश्न लोंबकळतच राहणार.

दरम्यान एक उद्योग केला. वहीतलं मामेभावाला वाचून दाखवलं, चित्र न दाखवता, आणि पेन्सिलीने ठोकळे काढायला सांगितले. क्षितिज, पट्टी, ठिपका सगळं जागेवर आलं. पण बांध त्याने पट्टीने आखल्यासारखा सरळ काढला. मी लिहिलं होतं 'बांध वळत जातो'. आता असं केलंय: 'खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघतो, खालची कड सोडता सोडता उजवीकडे झुकतो, रुंदीच्या अर्ध्यावर अचानक आडवा होतो आणि ठिपक्यापाशी संपतो. जवळ त्याच्या कडा धारदार, अर्ध्यानंतर पाण्यात विरलेल्या.' दुसऱ्यांदा त्याने बरोबर काढला.

खडूफळा_माशेल

कडांचं आपणहून लिहिलंस, छान. बहुतेक लोक ते विसरतात.

शिरोड्याची_रमा

काल रायबंदरला पणजीच्या बाजूला तोंड करून बसले आणि नवीन केलं. बांधाच्या जागी धक्क्याचा ओला उतार, ठिपका फेरीच्या गंजलेल्या कडेचा. रंगवताना जमलं होतं, सकाळी उठून बघते तर लांबचं पाणी विझलेलं.

मडगावची_सुलू

अॅक्रिलिक वाळलं की एक पायरी गडद होतं. तैलरंग बघून लिहिलेले नंबर तसेच लावलेस म्हणून. कागदाच्या कपट्यावर लावून, वाळवून मग नंबर ठरव. पट्टी आणि पाणी दोन्ही हवं त्याहून उजळ लाव.

शिरोड्याची_रमा

हो, तेच झालं असणार, दुसरा थर देते. अजून एक अडतंय. उतारावर फेरीची वाट बघणारी चार माणसं घातली आणि सगळा भाव गेला. पुसली तर चित्र रिकामं वाटतं. जुन्या चित्रात एकही माणूस नाही.

खडूफळा_माशेल

माणसं कुठल्या ठोकळ्यात उभी आहेत? उजळ पाण्यावर त्यांची डोकी आली असतील तर तुझी पट्टी चार ठिकाणी तुटली. त्यांना खालच्या गडद भागात उतरव, डोकी पट्टीच्या खाली ठेव. तरीही नाही जमलं तर मलाही बघावं लागेल, फोटो टाक.

दामू_वेरेकर

सर, जाणता म्हणजे कोण? फोंड्यात कुणी आहे का? बुरशी आता काचेलाही लागलीय.