मदत हवी आहे: दवाखान्याच्या भेटींवर रिग्रेशन लावलं, उत्तर उणे येतंय

चिंचोके
थिसिस अडकलाय, सोमवारी गाइडला दाखवायचंय. दम्याचे 240 पेशंट, दम लागून तातडीने किती वेळा दवाखान्यात यावं लागलं ते मोजलंय. वय, घरात चूल आहे की गॅस, इन्हेलर नियमित की नाही, एवढंच घातलं. साधं लिनिअर रिग्रेशन केलं तर गॅसवाल्या, नियमित इन्हेलरवाल्या तरुण पेशंटच्या भेटी उणे 0.7 येतात! रेसिड्युअलचा प्लॉट डावीकडे चिंचोळा, उजवीकडे नरसाळ्यासारखा पसरलेला. काय चुकलं? लवकर सांगा प्लीज.

माणगंगा
लॉग घ्या. शून्याचा लॉग निघत नाही म्हणून आधी सगळ्यांत 1 मिळवा. आमच्याकडे सगळे हेच करतात.

आप्पा बळवंत
दम्यासाठी माझ्या आईला अडुळशाच्या पानांच्या काढ्याने फार फरक पडला. सकाळी कोमट घ्यायचा. चूल मात्र बंदच करा.

तिसरा बाक
आप्पा, पेशंट त्यांचे आहेत, त्या स्वतः पेशंट नाहीत.
चिंचोके, सांगितलंय त्यापेक्षा न सांगितलेलंच जास्त आहे. सरासरी किती, व्हेरिअन्स किती, शून्य भेटींचे किती जण, आणि प्रत्येकाला किती महिने पाहिलं?

चिंचोके
सरासरी 2.1, व्हेरिअन्स 9.6, शून्यवाले 96. एक पेशंट 19 वेळा आला. महिन्यांचं काय? जूनपासून नोंदणी सुरू केली, काही डिसेंबरात आले, मार्चअखेर थांबवलं. त्याने काय होतं?

तिसरा बाक
त्यानेच बरंच होतं. जूनमधला पेशंट दहा महिने नजरेखाली आहे, डिसेंबरातला चारच. दोघांच्या 2-2 भेटी तुम्ही सारख्या धरल्यात. महिन्यांचा लॉग ऑफसेट म्हणून द्या, म्हणजे मॉडेल दरमहा भेटींचा हिशेब करेल. एसपीएसएस असेल तर लॉगचा कॉलम आपणच करावा लागतो:

```
COMPUTE lnm = LN(months).
EXECUTE.
```

मग `Generalized Linear Models` मध्ये `Poisson loglinear` निवडा, `Predictors` च्या पानावर `lnm` ला `Offset variable` करा. इथे लॉग सरासरीचा घेतला जातो, प्रत्येक आकड्याचा नाही. त्यामुळे अंदाज कधी उणे होत नाही आणि शून्यात 1 मिळवायची कसरतही करावी लागत नाही.

माणगंगा
म्हणजे शेवटी लॉगच ना!

तिसरा बाक
नाही. तुमच्या पद्धतीत 0 चा 1 झाला की 0 ते 1 हे अंतर 9 ते 19 एवढंच भरतं, आणि ते का, तर आपण 1 मिळवला म्हणून. 0.5 मिळवला असता तर उत्तर वेगळं आलं असतं. निम्म्याच्या जवळपास शून्यं असताना असा हट्ट परवडत नाही.

कोकणकडा
सँपल 30 च्या वर आहे, सेंट्रल लिमिट थिअरमने सगळं चालतं. उगाच घाबरवताय.

तिसरा बाक
अर्धं खरं. रोबस्ट स्टँडर्ड एरर घेतली तर दोन गटांच्या सरासरीतला फरक लिनिअरनेही बरा निघेल. पण उणे भेटी 240 काय, 2400 पेशंट घेऊनही जाणार नाहीत.

चिंचोके
केलं! चूल: गुणक 0.31, एरर 0.10, p = 0.002. म्हणजे चूलवाल्यांच्या भेटी 1.36 पट. ऑफसेट नव्हता तेव्हा 0.47 होता, तो का उतरला?

तिसरा बाक
चूलवाले बहुधा आधी नोंदवले गेलेत, म्हणून त्यांचे महिने जास्त. तपासा. आणि p वर लगेच खूश होऊ नका. `Goodness of Fit` च्या तक्त्यात पिअरसन काय-स्क्वेअरसमोर `Value/df` किती आहे?

चिंचोके
हो, चुलीची गावं आम्ही जून-जुलैतच उरकली होती. आकडा 3.4 आहे. वाईट का?

तिसरा बाक
1 च्या आसपास हवा. पॉयसन धरून चालतं की व्हेरिअन्स सरासरीएवढाच असतो. तुमच्याकडे तो कितीतरी जास्त, म्हणून 0.10 ही एरर खोटी लहान आहे. 3.4 चं वर्गमूळ 1.84, म्हणजे खरी एरर 0.18 च्या घरात. 0.31 भागिले 0.18 केलं की p 0.09 च्या आसपास जातो.

घोडनवरी
अवांतर: याचं जुनं उदाहरण म्हणजे बोर्टकीविचने 1898 मध्ये मांडलेले प्रशियन घोडदळातले घोड्याच्या लाथेने झालेले मृत्यू. दहा कोअर, वीस वर्षं, म्हणजे 200 नोंदी, मृत्यू 122. सरासरी 0.61, व्हेरिअन्सही तेवढाच. 109 नोंदींत एकही मृत्यू नाही, पॉयसनच्या हिशेबाने 108.7 यायला हवेत.

तिसरा बाक
अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे. घोड्याची लाथ कुठल्याही कोअरला साधारण सारख्याच नशिबाने बसते. पेशंटचं तसं नसतं. कुणाची खोली ओलसर, कुणी इन्हेलर पुरवून पुरवून वापरतो, आणि हे आपण मोजलेलंच नसतं. सरासरी 2.1 असेल तर पॉयसनला 240 मध्ये 29 च शून्यं अपेक्षित आहेत. आहेत 96.

सांख्यिकी_सदू
मग सरळ झिरो-इन्फ्लेटेड लावा ना! शून्यं जास्त की तेच, हा नियम आहे.

तिसरा बाक
असा नियम नाही. तीच सरासरी आणि तोच व्हेरिअन्स घेऊन निगेटिव्ह बायनॉमियलने ढोबळ हिशेब केला तर 98 शून्यं येतात. म्हणजे 96 मध्ये समजावण्यासारखं वेगळं काही उरतच नाही. झिरो-इन्फ्लेटेड तेव्हा, जेव्हा काही जणांची भेट नोंदलीच जाऊ शकत नाही.

सांख्यिकी_सदू
आहेत ना तसे. जो खासगी डॉक्टरकडे जातो तो यांच्या रजिस्टरात शून्यच दिसणार, मग दम कितीही लागो.

तिसरा बाक
हा मुद्दा बिनतोड आहे, मागे घेतो. पण ते आकड्यांवरून कळणार नाही, पेशंटला विचारावं लागेल. विचारलं होतं का?

चिंचोके
नाही. फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता. आता निगेटिव्ह बायनॉमियल लावू का?

तिसरा बाक
लावा, पण एक खोड आहे. एसपीएसएसच्या यादीतला तयार `Negative binomial with log link` पसरणीचा आकडा 1 धरूनच चालतो, तुमच्या डेटातून काढत नाही. `Custom` मध्ये जाऊन `Estimate value` निवडा, लिंक `Log`.

चिंचोके
चूल 0.27, एरर 0.20. 1.31 पट, पण 95% पट्टा 0.89 ते 1.94. म्हणजे गेलं सगळं! गाइड म्हणतील सिग्निफिकंट नाही तर लिहिणार काय? तो 19 भेटींचा पेशंट काढून टाकू?

कोकणकडा
काढा, एकाने काय होतंय.

तिसरा बाक
नोंद चुकीची असेल तरच. एकदा त्याच्यासकट, एकदा त्याच्याविना चालवा आणि दोन्ही उत्तरं लिहा. 0.89 ते 1.94 म्हणजे चुलीचा परिणाम नाही असं नव्हे, 240 पेशंटांत तो निश्चित सांगता येत नाही एवढंच.

चिंचोके
त्याची फाइल काढली. 19 पैकी 6 भेटी एकाच आठवड्यातल्या आहेत, रोज नेब्युलायझर लावायला बोलावलेल्या. या 6 मोजायच्या की 1?

घोडनवरी
बाकीच्यांच्या कशा मोजल्यात?

चिंचोके
तेच आता रजिस्टर उघडून बघतेय.

आप्पा बळवंत
नेब्युलायझरची सवय लागते असं म्हणतात, खरं का?